तक्त्यातलं वजन आणि काट्यावरचं वजन

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेली गाडी वाशीचा खाडीपूल ओलांडून मानखुर्दला येते आणि देवनारच्या एखाद्या अरुंद रस्त्याच्या तोंडाशी थांबते. बारा मीटर लांबीची सरळ सळई इथल्या वळणांतून आत नेता येत नाही, म्हणून ती बहुतेक वेळा मधोमध दुमडूनच आलेली असते. माल उतरतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर जाते, आणि दुसऱ्या दिवशी बिल येतं. बिलावर ४,२७० किलो लिहिलेलं असतं. इंजिनिअरने दिलेल्या यादीत त्याच सळयांचं वजन ४,१५८ किलो असतं. नग बरोबर, माप बरोबर, मग हे ११२ किलो कुठून आले? इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी दुकानदाराला फोन लावतात, "शेठ, तक्त्याप्रमाणे बिल करा ना." तिकडून उत्तर येतं, "काका, लोखंड आहे. काट्यावर चढेल ते वजन."

देवनार, गोवंडी, चेंबूर या पट्ट्यात जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी सतत चालू असते, त्यामुळे हा संवादही सतत चालू असतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. ते ज्याला वजन म्हणतात त्या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक हिशेबाने काढलेली आणि दुसरी मोजलेली.

आधी हिशेबाच्या वजनाकडे पाहू. सळईचं तक्त्यातलं वजन कुणी काट्यावर घेतलेलं नसतं. पोलादाची घनता एका घनमीटरला ७,८५० किलो धरतात. सळई म्हणजे लांबच लांब दंडगोल. व्यासावरून तिच्या छेदाचं क्षेत्रफळ काढायचं, त्याला लांबीने आणि घनतेने गुणायचं, की वजन मिळतं. ही सगळी आकडेमोड एकदा करून ठेवली तर शेवटी एक सोपं सूत्र उरतं, ते म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. येणारं उत्तर म्हणजे एका मीटरचं किलोमधलं वजन. साइटवरचा प्रत्येक सुपरवायझर हे सूत्र तोंडपाठ म्हणतो. आठ मिलिमीटरसाठी ६४ भागिले १६२, म्हणजे ०.३९५ किलो. बारासाठी ०.८८८ आणि सोळासाठी १.५८. बारा मीटरची एक सळई धरली तर आठची ४.७४ किलो, बाराची जवळपास १०.६६ किलो आणि सोळाची १८.९६ किलो भरायला हवी.

या सूत्राच्या पोटात एक गृहीतक आहे. सळई नेमकी आठ मिलिमीटरची आहे, आठ पूर्णांक शून्य. कारखान्यातून निघणारी सळई तशी असू शकत नाही, आणि ती तशी असावी अशी अपेक्षा भारतीय मानकही करत नाही.

सळई तयार कशी होते ते पाहिलं की याचं कारण कळतं. लालबुंद तापवलेला पोलादाचा चौकोनी ठोकळा, ज्याला बिलेट म्हणतात, एकामागून एक उभ्या असलेल्या रोलांच्या जोड्यांमधून पळवतात. प्रत्येक रोलवर खाचा कोरलेल्या असतात. दोन रोलांच्या समोरासमोरच्या खाचा मिळून एक भोक तयार होतं आणि बिलेट त्यातून बाहेर पडताना बारीक आणि लांब होत जातो. शेवटच्या जोडीत सळईवर आडव्या-तिरप्या कडा उठतात, मग पाण्याच्या झोताखाली तिचा बाहेरचा थर झटकन थंड होतो. या वाटेवर खाचा सतत घासल्या जातात. नवी खाच असते तेव्हा सळई थोडी बारीक निघते, खाच झिजत गेली की जाडी वाढत जाते. बिलेट कमी तापलेला असेल तर तो रोलांना जास्त रेटतो, रोलांमधली फट किंचित उघडते आणि जाडी पुन्हा बदलते. मिलमधले लोक रोलांमधलं अंतर कमी-जास्त करून हे आवरत राहतात. म्हणून एकाच मिलची, एकाच ग्रेडची, पण वेगवेगळ्या दिवशी निघालेली सळई वजनात थोडी वेगळी असते. कधी एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी निघालेलीही वेगळी असते.

किती वेगळी चालेल हे आयएस १७८६ हे मानक ठरवतं. काँक्रीटमध्ये घालायच्या सळईचं हे भारतीय मानक आहे. दहा मिलिमीटरपर्यंतच्या सळईत पूर्ण खेपेचं वजन तक्त्यापेक्षा सात टक्के कमी किंवा जास्त चालतं. दहाच्या वर सोळापर्यंत पाच टक्के आणि सोळाच्या वर तीन टक्के. सुटा नमुना घेऊन पाहिला तर तो खालच्या बाजूला अनुक्रमे आठ, सहा आणि चार टक्क्यांपर्यंत कमी भरला तरी मानकात बसतो. बाजारात याला रोलिंग मार्जिन म्हणतात.

पातळ सळईला एवढी जास्त सूट का, हा प्रश्न मला या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक वाटतो, आणि सेक्रेटरींच्या ११२ किलोंचं उत्तरही त्यातच आहे. वजन व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. मिलमध्ये जाडीत एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक सहज पडतो, मग सळई कितीही जाड असो. आठच्या सळईची जाडी ८.२ झाली तर वजन पाच टक्क्यांनी वाढतं. तेवढाच, म्हणजे ०.२ मिलिमीटरचा फरक सोळाच्या सळईत पडला तर वजन अडीच टक्क्यांनी वाढतं आणि पंचवीसच्या सळईत दीड टक्क्याच्या आसपास. चूक तेवढीच, पण बारीक सळईवर तिचा भार कितीतरी जास्त. त्यामुळे ज्या कामात आठची सळई जास्त लागते, म्हणजे स्लॅब आणि कॉलम-बीमच्या रिंगा, त्या कामात तक्ता आणि काटा यांच्यातली तफावत नेहमी मोठी दिसते.

आता तीच गाडी उलगडून पाहू. इंजिनिअरच्या यादीत आठचे ३०० नग होते, बाराचे १५० आणि सोळाचे ६०. तक्त्याने आठचे १,४२२ किलो होतात, बाराचे १,५९८ आणि सोळाचे १,१३८. एकूण ४,१५८. काट्याच्या पावतीवर भरलेल्या गाडीचं वजन ८,०६० किलो, रिकाम्या गाडीचं ३,७९० आणि निव्वळ माल ४,२७०. फरक ११२ किलोंचा, म्हणजे २.७ टक्के. सोयीसाठी किलोला ६० रुपये दर धरला तर हे ६,७२० रुपये झाले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की ७,९३० रुपयांच्या आसपास. मध्यमवर्गीय सोसायटीला ही रक्कम टोचते, आणि टोचणं साहजिक आहे.

एकूण आकड्यावर वाद घालण्यात काही हाती लागत नाही, कारण त्यात तिन्ही मापं मिसळलेली असतात. सुदैवाने या गाडीत बंडलं मापाप्रमाणे वेगळी बांधलेली होती असं धरू, आणि ती दुकानातल्या प्लॅटफॉर्म काट्यावर वेगवेगळी मोजून घेतली. आठची १,४९८ किलो भरली, बाराची १,६२२ आणि सोळाची १,१५०. म्हणजे बारा आणि सोळा जवळपास तक्त्यावरच होती, दीड आणि एका टक्क्याने जास्त. बहुतेक फुगवटा आठच्या सळईत होता, ५.३ टक्के, म्हणजे जाडी साधारण ८.२ मिलिमीटर. सात टक्क्यांच्या मर्यादेत ती बसते. माल सदोष नाही, काटा खोटा नाही आणि दुकानदाराने एक किलोही जास्त लावलेलं नाही. सोसायटीला खरोखरच ११२ किलो पोलाद जास्त मिळालं. त्यांनी ते मागितलं नव्हतं आणि इमारतीला त्याची गरजही नव्हती, पण ते त्यांच्या स्लॅबमध्ये गेलं.

इथे ग्राहक म्हणतो, मला नको असलेल्या लोखंडाचे पैसे मी का देऊ? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी हीच गाडी उलटी करून बघावी लागते.

समजा त्या दिवशी मिलच्या रोलवर नवीन खाचा होत्या आणि आठची सळई पाच टक्क्यांनी हलकी निघाली. मीटरला ३९५ ऐवजी ३७५ ग्रॅम. तीनशे नगांचे ३,६०० मीटर होतात, म्हणजे वजन १,४२२ ऐवजी १,३५० किलो. आता बिल तक्त्याप्रमाणे केलं तर ग्राहक ७२ किलो न मिळालेल्या लोखंडाचे ४,३२० रुपये देतो, वर कर वेगळा. त्याला हे कळतही नाही, कारण नग बरोबर आहेत आणि बिलावरचा आकडा इंजिनिअरच्या यादीशी तंतोतंत जुळतो. बिल जुळतं म्हणून तो निश्चिंत असतो.

आता विक्रेत्याच्या बाजूने पाहा. बिलेट वजनावर विकत घेतला जातो. मिल व्यापाऱ्याला काट्यावर माल देते. कळंबोलीची हमाली आणि गाडीचं भाडंही टनावर चालतं. या साखळीत फक्त शेवटचा ग्राहक तक्त्यावर पैसे देत असेल, तर मधल्या फरकाचं काय होईल? जड माल आला तर व्यापाऱ्याला तोटा आणि हलका आला तर नफा. मग तो मिलकडे हलकाच माल मागेल, आणि मिलही सात टक्क्यांच्या खालच्या काठाला चिकटून सळई काढेल. काही ठिकाणी नगावर, म्हणजे एका सळईला इतके रुपये अशी विक्री चालते, तिथे हाच मोह उभा राहतो. काट्यावर बिल झालं की मात्र सळई हलकी काढून कुणालाच काही मिळत नाही. जेवढं पोलाद दिलं तेवढ्याचेच पैसे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रत्यक्ष वजनाचं बिल ग्राहकाच्या बाजूचं आहे, जरी एखाद्या गाडीत ते त्याला महाग पडलं तरी.

मोठे खरेदीदार यापुढे जाऊन दोन्ही बाजूंनी स्वतःला सांभाळतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामात कंत्राटदाराला सळईचे पैसे देताना प्रत्यक्ष वजन मर्यादेत राहून तक्त्यापेक्षा कमी भरलं तर प्रत्यक्ष वजनाने आणि जास्त भरलं तर तक्त्याच्या वजनाने पैसे द्यायची पद्धत आहे. वरचा भार कंत्राटदाराने सोसायचा. सरकारला असा करार करणं परवडतं, कारण काम मोठं असतं आणि अटी निविदेतच लिहिलेल्या असतात. पाच टनांची गाडी मागवणाऱ्या सोसायटीला कुणी अशी अट देत नाही, आणि माल उतरल्यावर ती मागणं तर निरर्थकच.

छोट्या ग्राहकाच्या हातात जे आहे ते असं, की ऑर्डर देताना दोन्ही आकडे लिहून घ्यायचे. नग किती आणि बिल कशावर. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही, कारण ऑर्डर टनावर दिली की नगावर दिली यावर परिणाम बदलतो. तक्त्याप्रमाणे आठची सळई एका टनात २११ नग येते. वर पाहिलेली ५.३ टक्के जड सळई एका टनात फक्त २०० नग येते, तर पाच टक्के हलकी २२२. जो टनावर मागवतो त्याला जड मालात नग कमी पडतात, स्लॅबच्या दोन दिवस आधी फिटर सांगतो की पंधरा सळया कमी आहेत, आणि धावपळ सुरू होते. जो नगावर मागवतो त्याला नग पूर्ण मिळतात पण बिल वाढतं. दोन्ही ठिकाणी कारण तेच. इमारतीच्या कामात नगावर मागवून वजनावर बिल घेणं मला जास्त सोयीचं वाटतं, कारण कामाला लांबी लागते.

शिवाय नगाचा आकडा चलनावर असला की ग्राहकाच्या हातात एक मोठं साधन येतं. निव्वळ वजनाला एकूण मीटरने भागलं की दर मीटरचं सरासरी वजन मिळतं. आठच्या बंडलांचे १,४९८ किलो भागिले ३,६०० मीटर, म्हणजे मीटरला ४१६ ग्रॅम. तक्त्यात ३९५. सळई मर्यादेत आहे की नाही हे फोनवर भांडल्याशिवाय कळतं. चलनावर नुसतं वजन असेल आणि नग नसतील तर हा भागाकार करता येत नाही. मग ग्राहकाकडे उरतो तो केवळ संशय.

हा संशय कधीकधी भलत्याच माणसावर जातो, आणि ते जास्त गंभीर आहे. सोसायटी लोखंड स्वतः विकत घेते आणि कंत्राटदाराला मजुरी इंजिनिअरच्या यादीतल्या वजनावर देते, ही देवनारसारख्या भागात अगदी रुळलेली पद्धत. काम संपल्यावर कमिटी हिशेब लावते. विकत घेतलं ४,२७० किलो आणि यादीप्रमाणे बसलं ४,१५८ किलो. मग ११२ किलो गेले कुठे? उत्तर तयारच असतं, कंत्राटदाराने भंगारात विकले. शेजारीच भंगाराचे धंदे असल्यामुळे या गोष्टीवर पटकन विश्वास बसतो. प्रत्यक्षात ते ११२ किलो काँक्रीटच्या आतच आहेत, प्रत्येक सळईत थोडे थोडे वाटले गेलेले. यादीतलं वजन सूत्राने काढलेलं आणि खरेदीचं वजन काट्याचं, हे दोन वजाबाकीत एकत्र आणणंच चुकीचं होतं. चोरी ओळखायची असेल तर नग मोजावे लागतात आणि कापून उरलेले तुकडे वेगळे मोजावे लागतात. वजनांच्या वजाबाकीतून चोरी सिद्ध होत नाही आणि माणसाची अब्रू मात्र जाते.

आता काट्याबद्दल. प्रत्यक्ष वजनाचं बिल काट्याइतकंच विश्वासार्ह असतं, म्हणून काट्याच्या मर्यादा माहीत हव्यात. गाडी ज्यावर चढते तो मोठा काटा साधारण दहा किलोंच्या टप्प्यांनी वजन दाखवतो. ८,०६० नंतर तो थेट ८,०७० दाखवेल, मधलं काही नाही. वैधमापनशास्त्र यंत्रणेकडून अशा काट्याची दर वर्षी पडताळणी व्हावी लागते आणि शिक्का बसलेला असावा लागतो. प्रमाणपत्र काट्याच्या केबिनमध्ये लावलेलं असतं, त्यावरची तारीख विचारून पाहायला हरकत नाही. दहा किलोंचा टप्पा असलेल्या काट्याला पाच ते वीस टनांच्या दरम्यान पडताळणीच्या वेळी दहा किलोंची आणि वापरात असताना वीस किलोंची चूक माफ असते. पाच टनांच्या खाली ती याच्या निम्मी. आपल्या गाडीचं भरलेलं वजन आठ टन आणि रिकामं पावणेचार टन होतं, म्हणजे अगदी वाईट बाजूने धरलं तरी काट्यामुळे तीस किलोंचा फरक पडू शकतो. ४,२७० किलोंवर हा एक टक्क्याहूनही कमी आहे. ११२ किलोंचं स्पष्टीकरण काट्याच्या माफ असलेल्या चुकीतून मिळत नाही, आणि म्हणूनच सळईची जाडी तपासावी लागते.

पण तोच मोठा काटा छोट्या मालासाठी वापरला तर चित्र पार बदलतं. कुणी दोनशे-तीनशे किलो सळई टेम्पोत घेऊन मोठ्या काट्यावर मोजली, तर दहा-वीस किलोंची माफ असलेली चूकच पाच-सात टक्के होते. नियमाप्रमाणे असा काटा त्याच्या टप्प्याच्या वीसपटीखालच्या, म्हणजे दोनशे किलोंखालच्या वजनासाठी वापरायचाच नसतो. थोडा माल असेल तर दुकानातल्या प्लॅटफॉर्म काट्यावर बंडल चढवून वजन घ्यावं. तिथे टप्पा लहान असतो.

भरलेलं आणि रिकामं ही दोन्ही वजनं एकाच काट्यावर आणि लागलीच घ्यावी, ही सूचना तुम्ही ऐकली असेल. तिचं कारण असं की काटा सातत्याने थोडा जास्त किंवा कमी दाखवत असेल तर वजाबाकीत त्यातला बराच भाग निघून जातो. दोन वेगळे काटे वापरले की तो निघत नाही. दुसरं म्हणजे गाडी मधल्या वेळात बदलते. टाकीत शंभर लिटर डिझेल भरलं की गाडी ८० किलोंहून जड होते. भरलेलं वजन घेताना क्लीनर केबिनमध्ये बसला असेल आणि रिकाम्या वेळी तो चहाला उतरला असेल तर साठ-सत्तर किलो मालावर चढतात. पावसाळ्यात टायरला आणि मडगार्डला चिकटलेला चिखल, भिजलेली ताडपत्री हेही असतंच. काट्यावर चढण्यापूर्वी पडद्यावर शून्य आहे का आणि चढल्यावर गाडीची सगळी चाकं काट्यावरच आहेत का, एवढं पाहणारा माणूस सोसायटीने गाडीबरोबर पाठवला तर हे सगळे प्रश्न तिथल्या तिथे सुटतात.

राहिली सळई तपासण्याची गोष्ट. पहिला विचार येतो व्हर्नियर कॅलिपरचा, आणि तो फसवा आहे. कडा असलेल्या सळईला एकच व्यास नसतो. कडांवरून मोजलं तर जास्त भरतं, कडांच्या मधून मोजलं तर कमी. मानकातला आठ मिलिमीटर हा आकडा पट्टीने मोजायचा नाहीच. तेवढ्याच वजनाची गुळगुळीत गोल सळई असती तर तिचा जो व्यास आला असता तो आकडा असतो. म्हणजे सळईची जाडी मुळातच वजनावरून ठरवलेली आहे. त्यामुळे ती तपासायची तर वजनानेच.

पद्धत सोपी आहे. दोन-तीन वेगवेगळ्या बंडलांतून एकेक सळई काढायची, तिचा मधला सरळ भाग निवडायचा. दुमड पडलेली जागा घ्यायची नाही, कारण तिथे लांबी नीट मोजता येत नाही. बरोबर एक मीटरचा तुकडा ग्राइंडरने काटकोनात कापायचा आणि स्टीलच्या टेपने पुन्हा मोजायचा. पाच मिलिमीटरची चूक म्हणजे वजनात अर्धा टक्का. मग ग्रॅम दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचा. आठची सळई ३९५ ग्रॅमच्या आसपास भरावी आणि सुट्या तुकड्याला आठ टक्के सूट असल्यामुळे ३६३ पर्यंत चालते. बाराची ८८८ भरावी, ८३५ पर्यंत चालते. सोळाची १,५८० भरावी आणि १,४८५ पर्यंत चालते. आपल्या गाडीतला आठचा तुकडा ४१६ च्या आसपास भरेल आणि बिलातल्या जास्तीच्या वजनाचा उलगडा तिथेच होईल.

अशा वेळी दुकानदाराशी बोलणंही वेगळ्या पातळीवर जातं. "तुम्ही जास्त वजन लावलं" असं म्हटलं की तो काट्याची पावती दाखवतो आणि विषय संपतो. "तुमची आठची सळई मीटरला ४१६ ग्रॅम भरतेय, पुढच्या गाडीला हलक्या बाजूची सळई द्या" असं म्हटलं तर त्याच्याकडे करण्यासारखं काहीतरी असतं. चांगल्या व्यापाऱ्याला कोणत्या मिलचा कोणता माल सध्या जड निघतोय हे ठाऊक असतं. जालन्याच्या आणि इतर मिलांचा माल रोज त्याच्या हातातून जातो. मर्यादेच्या आत राहून तक्त्याच्या किंचित खाली असलेली सळई घेणं ग्राहकाला स्वस्त पडतं, आणि इंजिनिअरने डिझाइन करताना ठेवलेल्या सुरक्षिततेत ती बसते.

मर्यादेच्या खाली मात्र बसत नाही. एक मीटरचा आठचा तुकडा ३५० ग्रॅम भरला, तर काट्याप्रमाणे बिल केल्यामुळे तुम्ही एक रुपयाही जास्त दिलेला नसतो. बिल अगदी बरोबर असतं आणि माल चुकीचा असतो. अशा सळईच्या छेदाचं क्षेत्रफळ इंजिनिअरने धरलेल्या ५० चौरस मिलिमीटरऐवजी ४४.६ च्या आसपास असतं, म्हणजे प्रत्येक सळईत जवळपास अकरा टक्के पोलाद कमी. पैशांचा हिशेब इथे उपयोगाचा नाही. आणखी दोन बंडलांतले तुकडे घेऊन खात्री करायची, बंडलाला लावलेला बिल्ला, त्यावरचं मानक चिन्ह आणि सळईवर उठवलेलं मिलचं नाव यांचे फोटो काढायचे, इंजिनिअरला कळवायचं आणि माल परत पाठवायचा. हे सगळं सळई फिटरच्या हातात जाण्याआधी व्हायला हवं, कारण एकदा ती कापली, वाकवली आणि रिंगा बांधल्या की कोणताही दुकानदार ती परत घेत नाही.